इसबगोलानेही भागत नाही तेव्हा...

"रोज रात्री इसबगोल, सकाळी गरम पाणी, तरी चार-चार दिवस पोट साफ होत नाही गं!" शेजारच्या काकूंची जुनीच तक्रार. डॉक्टरांनी थायरॉइड तपासला, लॅक्ट्युलोज दिलं. महिनोन्महिने गुण येईना, तेव्हा कुठे नवं औषध लिहून दिलं.

मैत्रिणींनो, यात दोन प्रकार आहेत. ल्युबिप्रोस्टोन आतड्यात पाणी आणून मल मऊ करतं. मळमळ कमी व्हावी म्हणून ते जेवणासोबत घेतात. प्रुकॅलोप्राइड आतड्याची हालचाल वाढवतं. काकूंना हेच दिलं, रोज एक गोळी. वय सत्तर, म्हणून २ऐवजी १ मिलिग्रॅमची. पहिल्या दिवशी डोकं दुखलं, मग थांबलं.

मात्र शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा पोट फुगून उलट्या होत असतील, तर आधी तपासणी, मगच गोळी!