तीन बाक्यांतून एक वर्ष

दोन तारखांमध्ये नेमके किती दिवस गेले हे काढायचे असले की खगोलशास्त्रज्ञ महिने आणि लीप वर्षे मोजत बसत नाहीत. त्यांच्याकडे एक अखंड दिवसगणना आहे. १ जानेवारी २००० च्या दुपारी बारा वाजता तिचा आकडा २४,५१,५४५ होता. ही मोजणी इ.स.पू. ४७१३ च्या १ जानेवारीच्या दुपारपासून सुरू होते. ते वर्ष कोणा राजाच्या राज्यारोहणावरून किंवा एखाद्या ग्रहणावरून धरलेले नाही. ते वर्ष तीन भागाकारांच्या बाक्यांतून निघाले आहे, आणि ते कसे निघाले हे शाळेतला भागाकार येणाऱ्या कोणालाही पडताळता येते.

जोसेफ स्कॅलिजर या विद्वानाने १५८३ मध्ये जुन्या कालगणना एका सूत्रात ओवण्यासाठी युरोपात रुळलेली तीन चक्रे घेतली. पहिले २८ वर्षांचे: ज्युलियन पंचांगात इतक्या वर्षांनी तारखा आणि वार पुन्हा तसेच जुळतात. दुसरे १९ वर्षांचे: इतक्या वर्षांनी चंद्राच्या कला जवळजवळ त्याच तारखांना येतात. (आपल्याकडे २००४ मध्ये अधिक श्रावण होता, तो पुन्हा २०२३ मध्ये आला, त्यामागे हेच १९ वर्षांचे चक्र आहे.) तिसरे १५ वर्षांचे, रोमन साम्राज्यातल्या करआकारणीतून आलेले. ही तिन्ही चक्रे एकाच वेळी पहिल्या वर्षावर असतील ते वर्ष त्याने आपल्या गणनेचे पहिले वर्ष धरले.

आता प्रश्न असा. इसवी सन १ हे वर्ष २८ च्या चक्रात दहावे, १९ च्या चक्रात दुसरे आणि १५ च्या चक्रात चौथे येते. मग स्कॅलिजरच्या गणनेत ते कितवे? म्हणजे अशी संख्या हवी, जिला २८ ने भागल्यास बाकी १०, १९ ने भागल्यास २ आणि १५ ने भागल्यास ४ उरेल.

तिन्ही अटींच्या मागे एकदम धावलो तर हाताला काही लागत नाही. आधी फक्त पहिली अट पाळू. १० ही संख्या ती पाळते, आणि तिच्यात २८ कितीही वेळा मिळवले तरी ती बाकी ढळत नाही. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे: मिळवलेली अट न मोडता पुढे सरकायचे असेल तर २८-२८ च्या ढांगा टाकायच्या.

प्रत्येक ढांगेला १९ ची बाकी बघत जाऊ. १० ची बाकी १०, ३८ ची ०, ६६ ची ९, ९४ ची १८, १२२ ची ८. आपल्याला २ हवी आहे. ती येईलच याची खात्री काय? २८ आणि १९ सहमूळ आहेत, म्हणजे १ सोडून त्यांना सामाईक विभाजक नाही. पहिल्या १९ संख्यांपैकी दोन ठिकाणी तीच बाकी आली, तर त्या दोन संख्यांमधले अंतर १९ ने विभाज्य असायला हवे. पण ते अंतर म्हणजे २८ गुणिले एक लहान संख्या, १९ पेक्षा कमी. २८ मध्ये १९ चा अंश नाही आणि त्या लहान संख्येतही नाही. तेव्हा १९ ठिकाणी १९ वेगवेगळ्या बाक्या येतात, आणि हवी ती त्यांत एकदाच सापडते. इथे ती सोळाव्या ढांगेला मिळते: १० + २८ × १६ = ४५८.

दोन अटींची आता एकच अट झाली. ४५८ मध्ये २८ × १९ = ५३२ मिळवत राहिलो तर दोन्ही बाक्या शाबूत राहतात. पुढची ढांग ५३२ ची. ४५८ ला १५ ने भागल्यास बाकी ८, आणि दर ढांगेला ती ७ ने वाढते: ८, ०, ७, १४, ६, १३, ५, १२, ४. आठव्या ढांगेला ४ मिळाली. ४५८ + ५३२ × ८ = ४७१४.

इसवी सन १ हे ४७१४ वे वर्ष, म्हणून पहिले वर्ष त्याच्या ४७१३ वर्षे आधीचे. इसवी सनात शून्य वर्ष नाही, त्यामुळे ते इ.स.पू. ४७१३ ठरते. २८ × १९ × १५ = ७९८० वर्षांनी हा मेळ पुन्हा बसेल, म्हणजे इसवी सन ३२६८ मध्ये.

भाजक मोठे असले की एकेक ढांग मोजणे परवडत नाही. तिथे ढांगांची संख्या थेट काढावी लागते. २८ ची १९ ने बाकी ९. प्रश्न उरतो तो इतकाच: ९ ला कशाने गुणले की १९ ने भागल्यावर १ उरतो? ९ × १७ = १५३, आणि १९ × ८ = १५२. म्हणून १७. या १७ ला गुणाकार व्यस्त म्हणतात. बाकी १० वरून २ वर न्यायची, म्हणजे ८ ने कमी करायची; −८ × १७ = −१३६, त्यात १५२ मिळवले की १६. मघाच्याच सोळा ढांगा.

हा व्यस्त शोधण्याची आपली रीत म्हणजे कुट्टक. इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त आर्यभटाने दोन भाजक आणि दोन बाक्या दिल्या असता संख्या काढण्याचा नियम सांगितला आहे. परस्परांना भागत भाजक लहान लहान करत न्यायचे, म्हणून कुट्टक, म्हणजे कुटून बारीक करणे. त्या नियमाचा घाट मला फार शहाणा वाटतो. दोन अटींची एक करता आली की तिसरी, चौथी, दहावी अट त्याच रीतीने जोडता येते, आणि आधी केलेले काम वाया जात नाही.

पायथनमध्ये हेच असे लिहिता येते:

```python
def jod(x, M, r, m):
    k = (r - x) * pow(M, -1, m) % m
    return x + M * k, M * m

x, M = 10, 28
for r, m in [(2, 19), (4, 15)]:
    x, M = jod(x, M, r, m)
    print(x, M)
```

`x` ही आतापर्यंतच्या अटी पाळणारी संख्या, `M` ही ढांग, `r` नवी बाकी, `m` नवा भाजक आणि `k` ढांगांची संख्या. `pow(M, -1, m)` व्यस्त काढते. ही सोय पायथन ३.८ पासून आहे. चालवल्यावर आधी `458 532` आणि मग `4714 7980` छापले जाते. उत्तर बरोबर आहे का हे कळायला तिन्ही भाजकांनी एकदा भागून पाहावे. चूक तिथे लपत नाही. सी++ सारख्या भाषेत हे पडताळणे अधिकच गरजेचे, कारण तिथे गुणाकार ठरलेल्या जागेत मावला नाही तर बहुधा कसलीही सूचना न येता चुकीचा आकडा हाती पडतो.

भाजक सहमूळ नसतील तर व्यस्तच नसतो आणि पायथन `ValueError` देऊन थांबते. तेवढ्यावरून उत्तर नाही असे मात्र समजू नये. ४ ने भागल्यास १ आणि ६ ने भागल्यास २ उरणारी संख्या खरोखरच नाही, कारण पहिली अट विषम संख्या मागते आणि दुसरी सम. पण दुसरी बाकी ३ केली की ९ हे उत्तर मिळते. ते दर १२ ने पुन्हा येते, २४ ने नाही. ढांग गुणाकाराची नसून लसाविची असते.

आर्यभटाच्या ग्रंथावर ६२९ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराने असेच एक उदाहरण घेतले आहे. २, ३, ४, ५, ६ यांपैकी कशानेही भागले तरी १ उरतो आणि ७ ने नि:शेष भाग जातो, ती संख्या कोणती? वरचा कोड इथे २ आणि ३ जोडेल आणि ४ पाशी अडेल. पण पहिल्या पाच भाजकांचा लसावि ६० आहे, म्हणून १ पासून निघून ६० च्या ढांगा टाकाव्यात. ७ ने भागल्यावर बाक्या येतात १, ५, २, ६, ३, ०. पाचव्या ढांगेला उभे राहतो ते ३०१ वर.