रोलरला एक प्रतिक्रिया, पिनला दोन का?

पुलाखालून होडीने जाताना मान वर केली, तर गर्डर आणि खांब यांच्यामध्ये बसवलेली बेअरिंगे दिसतात. जुन्या पोलादी पुलांवर गर्डरचे एक टोक पिनवर आणि दुसरे रोलरवर टेकवलेले असते. पाठ्यपुस्तक सांगते, पिनला दोन प्रतिक्रिया, रोलरला एक. विद्यार्थी हे पाठ करतात. कारण मात्र क्वचितच विचारतात.

आधार ज्या दिशेची हालचाल अडवतो, त्याच दिशेने तो प्रतिक्रिया देऊ शकतो. रोलरवरील टोक खाली जाऊ शकत नाही. पण आडवे सरकू लागले, तर रोलर फिरतो आणि वाट देतो. म्हणून त्याची प्रतिक्रिया टेकलेल्या पृष्ठभागाला लंब असते. पृष्ठभाग तिरपा असला, तर प्रतिक्रियाही तिरपी होते. पिन टोकाला उभे-आडवे कुठेच जाऊ देत नाही, फक्त फिरू देते. खरे म्हणजे तिथेही बल एकच असते. परंतु त्याची दिशा आधी ठाऊक नसल्याने आपण त्याचे उभा आणि आडवा असे दोन भाग करतो.

समजा, २० मीटर लांबीच्या गर्डरवर पिनपासून ५ मीटरवर २०० किलोन्यूटन वजनाचा ट्रक आहे आणि ब्रेक लावल्याने ४० किलोन्यूटनचे आडवे बल आले आहे. हे बल आधारांच्याच पातळीवर आहे असे धरू. पिनभोवती मोमेंट घेतल्यास रोलरची प्रतिक्रिया २०० × ५ ÷ २० = ५० किलोन्यूटन येते. उरलेले १५० किलोन्यूटन पिन उचलते, आणि ब्रेकचे ४० किलोन्यूटन संपूर्णपणे पिनवरच येतात. अज्ञाते तीन, समतोलाची समीकरणेही तीन. दोन्ही टोकांना रोलर असते, तर त्या ४० किलोन्यूटननी गर्डर सरकत गेला असता.

मग दोन्हीकडे पिनच का नको? तापमान ३० अंशांनी वाढले की हा गर्डर सुमारे ७ मिलिमीटर लांबतो. दोन्ही टोके पक्की अडवली, तर पोलादात प्रत्येक चौरस मिलिमीटरला ७२ न्यूटन ताण येतो. गर्डरच्या छेदाचे क्षेत्रफळ २०,००० चौरस मिलिमीटर असल्यास आडवा रेटा १४४० किलोन्यूटन होतो, म्हणजे ट्रकच्या वजनाच्या सातपट! खांब थोडे वाकतात, म्हणून प्रत्यक्षात तो कमी भरतो. पण तो खांबांनाच सोसावा लागतो.

कागदावरचा रोलर घर्षणरहित असतो, लोखंडाचा नसतो. समुद्राकडच्या खाऱ्या हवेत तो गंजतो, भोवती माती साचते, आणि नकळत त्याची पिन होते. मे महिन्यातील दुपारी आणि जानेवारीतील पहाटे प्रसरण-सांध्याची फट सारखीच भरली, किंवा बेअरिंगखालच्या काँक्रीटला तडे दिसले, तर रोलर अडकल्याची शंका घ्यावी.