केसांतला काळा पट्टा कुठून येतो?

घरच्या घरी केस रंगवणाऱ्या अनेकींच्या केसांत भांगाजवळ ताजा तपकिरी रंग असतो, टोकांकडे उतरलेला लालसर रंग असतो आणि या दोहोंच्या मध्ये दोन-तीन बोटं रुंदीचा काळपट पट्टा दिसतो. शेड चुकली असं समजून पुढच्या वेळी फिकट शेडचा डबा आणला जातो, तरी पट्टा हलत नाही. तो हलणारही नाही, कारण चूक शेडची नसून ब्रश कुठवर फिरला याची आहे.

डब्यातली रंगाची क्रीम आणि डेव्हलपर एकत्र केले की दोन कामं एकाच वेळी सुरू होतात. क्रीममधला अमोनिया किंवा तसाच क्षार केसाला फुगवतो आणि रंगाचे बारीक कण आत शिरतात. आत गेल्यावर डेव्हलपरमधल्या पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि तिथेच अडकून बसतात. दुसरीकडे तेच पेरॉक्साइड केसाचा मूळचा काळा रंग थोडा उतरवतं. मात्र आधी लावलेल्या डायला ते जवळजवळ उतरवत नाही. म्हणून न रंगवलेल्या केसावर थोडा रंग जातो आणि नवा येतो, तर रंगवलेल्या केसावर नुसती भर पडते. फिकट शेड लावली तरी भरच पडते. त्यातून एकदा रंगवलेल्या केसाचं बाहेरचं तेलकट आवरण झिजलेलं असतं. असा केस पाणी पटकन शोषतो, तसाच रंगही जास्त ओढून घेतो.

आता एक हिशेब मांडून पाहू. एका बाईने गणपतीच्या आधी पहिल्यांदा सगळे केस रंगवले. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर किंवा किंचित जास्त वाढतात, त्यामुळे दिवाळीपर्यंत मुळाशी दोन सेंटीमीटर पांढरे केस दिसू लागले. तिने पुन्हा रंग लावला, पण ब्रश सवयीने पाच सेंटीमीटरपर्यंत ओढला. तीन आठवड्यांनी घरात लग्न निघालं. पाऊण सेंटीमीटर पांढरं दिसत होतं, ब्रश मात्र पुन्हा पाच सेंटीमीटर. आता भांगापासून पावणेतीन ते पाच सेंटीमीटर या टापूत तीन थर बसले आहेत. त्याच्या वर दोन, अगदी मुळाशी एक, आणि खाली लांबीवर एकच, तोही धुण्याने आणि उन्हाने उतरलेला. हाच तो पट्टा. केस वाढतील तसा तो खाली सरकत जाईल, आणि दर वेळी ब्रश असाच फिरला तर त्याच्या मागे दुसरा तयार होईल. दर वेळी सगळ्या लांबीला रंग फासणाऱ्यांच्या केसांत पट्टे पडत नाहीत, पण टोकं निर्जीव, शाईसारखी काळी होतात.

म्हणून रंग फक्त नव्या वाढीला लावायचा. दिवसाच्या उजेडात, केस कोरडे असताना, अर्ध्या सेंटीमीटरच्या पातळ बटा घेतल्या की जुन्या रंगाची सीमा स्पष्ट दिसते. त्या सीमेखालच्या जुन्या केसांना आधी घट्ट कंडिशनर लावून ठेवावा, म्हणजे ओघळलेला रंग तिथे सहज धरत नाही. ब्रश सीमेच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवायचा, कारण क्रीम स्वतःहून थोडी पसरते. सगळ्यात जास्त घोटाळा यानंतर होतो. रंग ‘सारखा बसावा’ म्हणून कंगवा फिरवला जातो, किंवा केस डोक्यावर गुंडाळून बुचडा बांधला जातो. दोन्हींमुळे मुळांचा रंग लांबीवर जातो. केस मोकळे मागे सोडून डब्यावर दिलेला वेळ पूर्ण होऊ द्यावा.

उतरलेल्या लांबीचं काम वेगळं करावं. रंग थोडाच उतरला असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत मुळांवरच्या क्रीममध्ये थोडं पाणी घालून ती हातानेच खाली चोळावी आणि लगेच धुवावी. तेही दर वेळी नको. जास्त उतरला असेल तर सौम्य डेव्हलपरचा डेमी-परमनंट रंग, एक शेड फिकट घेऊन, थोडा वेळ लावावा. डब्यावर ‘अमोनिया नाही’ असं लिहिलेलं असलं म्हणजे रंग सौम्यच असतो असं नाही. बऱ्याच कायम टिकणाऱ्या रंगांत अमोनियाऐवजी दुसरा क्षार असतो.

पट्टा आधीच पडला असेल तर त्यावर आणखी रंग लावणं थांबवावं. पार्लरमध्ये जोडलेले रंगकण पुन्हा सुटे करणारा रिमूव्हर वापरून तो बराच हलका करता येतो, ब्लीच त्यानंतरचा पर्याय. मात्र पूर्वी तयार मेंदी किंवा पावडर डाय लावली असेल तर ते आधी सांगावं. काही पावडरींत धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापून तुटू शकतात. शंका असेल तर न दिसणारी एक बट कापून तिच्यावर आधी चाचणी करायला सांगावी.