सोयाबीन गिरणीत नेण्याआधी

गव्हाच्या डब्यात किलोला शंभरेक ग्रॅम सोयाबीन टाकायचं आणि सगळं एकत्र दळून आणायचं, ही पद्धत विदर्भ-मराठवाड्यात आणि आता शहरांतही बऱ्याच घरांत आहे. उद्देश चांगला असतो. पोळीतून प्रथिनं जावीत, मुलांच्या अंगी लागावं. पण ते सोयाबीन कच्चंच गिरणीत गेलं, तर या हिशेबात मोठी गफलत होते.

हे शास्त्रज्ञांच्या लक्षात येऊनही शंभरावर वर्षं झाली. थॉमस ऑस्बर्न आणि लाफायेट मेंडेल या दोघा अमेरिकी संशोधकांनी 1917 मध्ये उंदरांना सोयाबीन खाऊ घातलं. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढेनात. तेच सोयाबीन शिजवून दिल्यावर मात्र ते वाढू लागले. असं का होतं, याचं मोठं कारण पुढे 1940च्या दशकात मोझेस कुनिट्झ यांनी दाण्यातून स्फटिकरूपात वेगळं काढलं. ते होतं ट्रिप्सिन-रोधक.

ट्रिप्सिन हे आपल्या स्वादुपिंडातून येणारं, प्रथिनं तोडणारं पाचक विकर. सोयाबीनमधलं हे रोधक प्रथिन कुलपात मोडून बसलेल्या किल्लीसारखं ट्रिप्सिनमध्ये अडकतं आणि त्याचं काम थांबवतं. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ट्रिप्सिन कमी पडतंय असं जाणवून स्वादुपिंड आणखी विकरं पाझरू लागतं. उंदरांत आणि कोंबड्यांत तर ते सुजून मोठं होतं. ही विकरं गंधकयुक्त अमिनो आम्लांनी समृद्ध असतात आणि ती मलावाटे वाया जातात. सोयाबीनमध्ये मुळातच कमी असतात ती नेमकी हीच अमिनो आम्लं. म्हणजे प्रथिनांसाठी खाल्लेला दाणा शरीरातलीच प्रथिनं खर्ची घालतो.

उपाय उष्णतेचा, पण ओल्या उष्णतेचा. दाण्यात पाणी मुरलेलं असेल तर रोधक प्रथिनाची घडी लवकर विस्कटते. कोरड्या दाण्याला तेवढ्याच आचेवर कितीतरी जास्त वेळ लागतो. पातळ पोळी तव्यावर मिनिटभरच असते आणि पिठातला ओलावाही झपाट्याने उडतो, म्हणून तव्यावर विसंबून चालत नाही. सोयाबीन रात्रभर भिजवावं, ते पाणी टाकून द्यावं, ताज्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं खळखळ उकळावं, निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवावं आणि मग गव्हात मिसळावं. उकळलेला दाणा चावून पाहिला की कळतं: कच्चट, हिरवट चव गेलेली असली पाहिजे.

पेंडीच्या कारखान्यात जिभेवर भागत नाही. तिथे युरिएज नावाच्या दुसऱ्याच विकराची चाचणी करतात, कारण ते साधारण तेवढ्याच उष्णतेला नष्ट होतं आणि तपासायला सोपं असतं. युरिया आणि फिनॉल रेड यांचं द्रावण पेंडीवर ओततात. लाल ठिपके भराभर पसरले, तर पेंड कच्ची. एकही ठिपका उठला नाही, तर ती जास्त भाजली गेल्याची शंका घेतात, कारण अति उष्णतेने लायसिन हे मोलाचं अमिनो आम्ल बिघडतं.

फायटेटचं प्रकरण वेगळं आहे, कारण ते उकळण्याला दाद देत नाही. दाणा आपला फॉस्फरस फायटेटच्या रूपात साठवतो. आतड्यात हेच फायटेट लोह आणि जस्त धरून ठेवतं, शोषू देत नाही. ते फोडणारं फायटेज हे विकर दाण्यातच असतं आणि ओल व ऊब मिळाली की कामाला लागतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी भिजवणं, मग उकळणं. कोरडा दाणा थेट उकळत्या पाण्यात टाकला की फायटेज मरतं आणि फायटेट बहुतांशी तसंच राहतं.

नुसत्या भिजवण्याने फायटेट थोडंच घटतं. मोड आणले की घट जास्त होते, तरी ते पुरतं जात नाही. इथे मटकीची उसळ फार शहाणी ठरते. मटकी रात्रभर पाण्यात, मग दिवसभर फडक्यात, मग शिजवणं, आणि वर लिंबू. लिंबातलं क जीवनसत्त्व फायटेट असतानाही लोह शोषायला मदत करतं. चारीठाव जेवणाऱ्याला फायटेटची धास्ती नको. जिथे रोजचं ताट भाकरी-डाळीवरच भागतं, तिथल्या लहान मुलांना आणि गरोदर बायांना मात्र हा फरक जाणवण्याइतका असतो.

राहिलं ऑक्झलेट. सोयाबीनमध्ये ते बऱ्यापैकी असतं. त्यातलं विरघळणारं ऑक्झलेट भिजवण्याच्या आणि उकळण्याच्या पाण्यात उतरतं. म्हणून ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी दोन्ही पाणी ओतून द्यावं. थोडी ब जीवनसत्त्वं त्याबरोबर जातात, तो तोटा सोसावा. जेवणात दही असलं तर त्यातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं.

सोयाबीनमध्ये तेल भरपूर असल्याने असं दळलेलं पीठ लवकर खवट होतं. दळण पंधरा दिवसांपुरतंच आणावं. उकळून वाळवलेले दाणे हवाबंद डब्यात जास्त टिकतात.