शिळे अन्न पुन्हा गरम करताना

उरलेले अन्न किती वेळा गरम करावे, यावर तज्ज्ञ संस्थांचे सल्ले एकसारखे नाहीत. ब्रिटनची अन्नसुरक्षा संस्था एकदाच गरम करायला सांगते. अमेरिकेच्या कृषी खात्याला मात्र, अन्न दर वेळी आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोहोचत असेल, तर पुन्हा गरम करण्यात गैर वाटत नाही. या दोन सल्ल्यांमागचे शास्त्र एकच आहे. अन्न आचेवर असताना बिघडत नाही. ते बिघडते उतरवून ठेवल्यावर, कोमट असताना. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वाढतात आणि प्रत्येक वेळी गरम केलेले पातेले निवताना याच टप्प्यातून जाते. घरात तापमापक नसतो आणि मधले तास कोणी मोजत नाही, म्हणून घरासाठी ‘एकदाच’ हा नियम अधिक भरवशाचा.

यात सर्वांत दगाबाज पदार्थ भात. तांदळावर शेतातल्या मातीतून ‘बॅसिलस सेरेअस’ या जिवाणूचे बीजाणू आलेले असतात. कठीण कवचामुळे ते भात शिजतानाच्या उकळीतही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढू लागतात आणि त्यांच्यातल्या काही जाती एक विष तयार करतात. जिवाणू उष्णतेने मरतो, पण हे विष १०० अंशांवरही टिकते.

फोडणीच्या भाताचे उदाहरण घेतले की हे नीट कळते. रात्री साडेआठला कुकर उघडला, जेवणे झाली आणि उरलेला भात झाकून ओट्यावरच राहिला. सकाळी सातला कांदा, मिरची, हळद घालून तो फोडणीला टाकला. मधले साडेदहा तास भात स्वयंपाकघराच्या उबेत होता. कढईत परतताना जिवाणू मेले, तरी रात्रीतून विष तयार झाले असेल तर ते तसेच राहिले. असा भात खाल्ल्यावर बहुधा एक ते पाच तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. इथे भात एकदाच गरम झाला होता, तरीही बाधला, कारण चूक सकाळची नसून रात्रीची होती. तोच भात परातीत पसरून निववला आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवला, तर दुसऱ्या दिवशी त्याचा फोडणीचा भात करायला हरकत नाही. मात्र डब्यात भरून दुपारी तो तिसऱ्यांदा गरम करू नये. मसालेभात, पुलाव आणि खिचडी यांनाही हेच लागू.

भाताखालोखाल मटण-चिकनचा दाट रस्सा. त्यात ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ नावाचा जिवाणू वाढतो. त्याचेही बीजाणू शिजवताना तगतात आणि रस्सा ४५ अंशांच्या आसपास असताना तो जवळपास दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. हाच वेग टिकला, तर दोन तासांत एकाचे चार हजारांवर होतात. दाट रश्शाचे मोठे पातेले मध्यभागी निवायला कित्येक तास घेते. वरून हात लावला तर गार वाटते, आत मात्र ऊब असते. रविवारचा रस्सा दुपारी, रात्री आणि सोमवारी सकाळी असा सगळाच्या सगळा पातेल्यात गरम करणे म्हणूनच वाईट. उतरवल्यावर तो दोन-तीन बोटे खोलीच्या पसरट भांड्यांत वाटून निववावा. दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रीजमध्ये ठेवावा. पुढे लागेल तेवढाच वाडग्यात काढून गरम करावा. बाकीचा थंडच राहतो आणि प्रत्येक वाटा एकदाच तापतो. फ्रीजमध्येही तीन-चार दिवसांपलीकडे तो ठेवू नये.

हाताने कुस्करलेली बटाट्याची भाजी आणि खव्याचे पदार्थ यांत आणखी एक धोका असतो. हातावरच्या ‘स्टॅफिलोकोकस’ जिवाणूचे विषही उकळीला दाद देत नाही. पालकाबद्दलची भीती मात्र मोठ्यांच्या बाबतीत अवाजवी आहे. पालकातल्या नायट्रेटचे जिवाणूंमुळे नायट्राइट होते, पण ते बराच वेळ बाहेर राहिल्यास, आणि त्याची खरी काळजी तान्ह्या बाळांसाठी. बाळाला पालकाची शिळी पेज देऊ नये.

गरम करताना रश्शाला मध्यापर्यंत खळखळून उकळी यावी. मायक्रोवेव्हमध्ये अन्न कडेने चटका बसेल इतके तापते आणि मध्ये गारच राहते, म्हणून झाकण ठेवून, मध्येच बाहेर काढून ढवळावे आणि पुन्हा तापवावे. आंबूस वास, चिकट तार किंवा फेस दिसला तर अन्न टाकूनच द्यावे. पण यातले काही नसणे ही खात्री नव्हे. वर सांगितलेल्या विषांना वास नसतो, चव नसते. भात किंवा रस्सा रात्रभर बाहेर राहिला असेल, तर वास न घेताच तो टाकावा.