घन दिसतो, पण घनीय नव्हे

पुणे, नाशिक, जळगाव या परिसरांतील बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारा अपोफायलाइटचा स्फटिक कित्येकदा हुबेहूब घनासारखा दिसतो. कडा जवळजवळ समान, लगतच्या फलकांतील कोन 90 अंशांचे. तुम्ही त्यास घनीय प्रणालीत घालाल, तर ती चूक स्वाभाविकच होय. परंतु प्रणाली ठरते ती सममितीवरून.

घनीय स्फटिक कोपऱ्यातून जाणाऱ्या कर्णाभोवती 120 अंशांनी फिरविला, तर त्या कोपऱ्याचे तिन्ही फलक परस्परांची जागा घेतात; म्हणून ते सर्व गुणांत सारखेच असावे लागतात. आता अपोफायलाइट पाहा. त्याचे समोरासमोरचे दोन फलक मोत्यासारखे चमकतात. उरलेले चार काचेसारखे असून त्यांवर बहुधा उभ्या रेषा असतात. तो सहज दुभंगतो तोही मोतिया फलकाला समांतरच, कारण आत सिलिकेटचे थर त्याच दिशेने रचलेले असतात. अर्थात कर्णाभोवतीची सममिती येथे नाही; मोतिया फलकांना लंब असा एकच चतुरावर्ती अक्ष उरतो. ही चतुष्कोणीय प्रणाली होय.

कडांची समान लांबी हा केवळ वाढीचा योगायोग. कोपरे छाटले गेले असतील, तर कोनही मोजावा: घनीय स्फटिकात छाटलेल्या फलकाच्या लंबाचा तिन्ही फलकांच्या लंबांशी सुमारे 55 अंशांचा कोन होतो, येथे मोतिया फलकाशी सुमारे 60, तर बाजूंच्या फलकांशी सुमारे 52 अंशांचा आढळतो.