ॲडमिनचा धाक आणि ॲडमिनचे अधिकार

कुटुंबांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांमधून गेल्या दहाबारा वर्षांत ॲडमिनवर जी मीम्स, जे चुटके आणि जी बनावट फर्माने फिरली, त्यांपैकी बहुतेकांवर कर्त्याचे नाव नाही आणि तारीखही नाही. असंख्य हातांतून पुढे सरकत आलेल्या या चित्रांचा कालक्रम लावू पाहणाऱ्याला एकच भरवशाचा आधार उरतो, तो म्हणजे त्या चित्रातला ॲडमिन नेमके काय करतो आहे हा. तो कोणाला काढून टाकतो आहे, ग्रुपला कुलूप घालतो आहे, की दुसऱ्याने लिहिलेला मजकूर पुसतो आहे, एवढे पाहिले तरी ते चित्र कोणत्या वर्षाच्या अलीकडचे असले पाहिजे हे ठरवता येते, कारण यांतला एकेक अधिकार त्याला निरनिराळ्या वेळी मिळत गेला. या रीतीने जुनी चित्रे क्रमाने मांडून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते: ॲडमिनचा धाक हा ॲडमिनच्या अधिकारांपेक्षा पुष्कळच जुना आहे.

प्रारंभीच्या काळात त्याच्या हाती होते तरी काय? सभासद घेणे, सभासद काढणे आणि आणखी कोणास ॲडमिन करणे, या तीन गोष्टींपलीकडे त्याचा अंमल चालत नसे. ग्रुपचे नाव व चित्र कोणीही सभासद बदलू शके, आणि ज्याने स्वतः ग्रुप काढला त्यालाही दुसरा ॲडमिन बाहेर काढू शकत असे. ही गैरसोय २०१८ च्या मे महिन्यात दूर झाली. सभासदांची कमाल संख्या २०१६ च्या फेब्रुवारीत २५६ झाली, आणि पुढे २०२२ मध्ये ती प्रथम ५१२ व नंतर १०२४ वर गेली. म्हणून ज्या चित्रात सिंहासनावरचा ॲडमिन आपल्या २५६ प्रजाजनांकडे पाहतो आहे, ते चित्र २०१६ आणि २०२२ यांच्या दरम्यानचे, असे बिनदिक्कत मानावे. याच काळातल्या मीम्समध्ये ॲडमिन हा बिनपगारी कारभारी म्हणून दिसतो: त्याला मानधन मिळावे, त्याच्यासाठी पेन्शन सुरू करावी, सरपंचाप्रमाणे त्याचीही निवडणूक घ्यावी, असल्या मागण्यांचे अर्ज थेट मायबाप सरकारच्या नावे लिहिलेले आढळतात. एकमेव ॲडमिन ग्रुप सोडून गेला तर उरलेल्यांपैकी कोणाच्या तरी गळ्यात ती जबाबदारी आपोआप पडत असे, आणि त्यामुळे ज्यांना हे पद हवे कशाला हेही ठाऊक नाही अशा आजीबाई किंवा मावशी एका सकाळी मुखत्यार होऊन बसत. या प्रकारावर रचलेली चित्रे मला सर्वांत अस्सल वाटतात, कारण त्यांत कल्पनेचा भाग थोडा आणि प्रत्यक्ष अनुभवाचा भाग अधिक आहे.

धाकाचे खरे मूळ मात्र काढून टाकण्याच्या अधिकारात होते, आणि तो धाक दोन्ही बाजूंना होता हे ती चित्रे बारकाईने पाहणाऱ्याला कळते. अमुक ॲडमिनने अमुक सभासदाला काढले, ही ओळ त्या ग्रुपमध्ये सर्वांच्या डोळ्यांपुढे उमटते. सोसायटीच्या ग्रुपमध्ये एखाद्या भाडेकरूविषयी ती उमटली तर दोन दिवस जिन्यात चर्चा होते आणि प्रकरण मिटते. परंतु कुटुंबाच्या ग्रुपमध्ये ती ओळ थोरल्या काकांविषयी किंवा जावयाविषयी उमटली, तर पुढच्या लग्नाच्या याद्यांपर्यंत तिचे पडसाद पोहोचतात. म्हणूनच घरगुती ग्रुपच्या मीम्समध्ये ॲडमिन हा बहुधा धाकटा भाचा किंवा पुतण्या असतो, ज्याच्या हाती हद्दपारीचा हुकूम आहे आणि ज्याला तो वडीलधाऱ्यांवर कधीही बजावता यायचा नाही. ग्रुपच्या माथ्यावर त्याने लिहिलेली नियमावली, म्हणजे सुप्रभात व शुभरात्रीचे संदेश टाकू नयेत, राजकीय व धार्मिक मजकूर टाकू नये, खातरजमा केल्याशिवाय काही पुढे पाठवू नये, ही अक्षरशः सर्वत्र सारखी आहे; आणि तिच्याखाली पाचच मिनिटांत गुलाबाच्या फुलासह सुप्रभात उमटल्याचे दाखवणारी मीम्सही तितकीच सार्वत्रिक आहेत.

त्या वेळी नियम मोडणाऱ्या मजकुराचे करायचे काय, हा पेच कसा होता हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पाठवलेला संदेश सर्वांच्या फोनमधून काढून घेण्याची सोय २०१७ च्या अखेरीस आली. पण ती ज्याने पाठवला त्यालाच होती आणि तिची मुदत अवघी सात मिनिटांची होती. समजा, सकाळी सात वाजता एका सन्मान्य आजोबांनी सोसायटीच्या ग्रुपवर एका उमेदवाराची निंदा करणारी चित्रफीत टाकली आणि ॲडमिनने ती सात वाजून वीस मिनिटांनी पाहिली. आता त्याच्यापुढे दोनच मार्ग उरत: आजोबांना सर्वांसमक्ष ताकीद देणे, किंवा आजोबांनाच काढणे, कारण तोवर खुद्द आजोबांनाही ती चित्रफीत मागे घेता येत नव्हती. २०१८ मध्ये ही मुदत तासाभराहून थोडी अधिक झाली, तेव्हा तिसरा मार्ग खुला झाला, तो दूरध्वनीचा. ‘काका, तेवढं डिलीट कराल का?’ असे विचारणारा, आणि डिलीट कसे करायचे हे फोनवरून पायरीपायरीने सांगता सांगता ज्याची मुदत संपून जाते असा ॲडमिन ज्या चित्रांत आहे, ती २०१८ ते २०२२ या मधल्या चार वर्षांतली होत.

त्याच सुमारास या विनोदात बेड्या, कोठडी आणि वकील यांचा शिरकाव झाला. २०१७ च्या एप्रिलमध्ये वाराणसीच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी व पोलीसप्रमुखांनी मिळून असा हुकूम काढला की ग्रुपवर अफवा अथवा तेढ वाढवणारा मजकूर आला आणि ॲडमिनने हस्तक्षेप केला नाही, तर त्याच्यावर गुन्हा नोंदवता येईल. हुकूम एका जिल्ह्यापुरता होता, पण त्याची वार्ता देशभर गेली. पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, मुंबई पोलिसांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ अन्वये काढलेल्या मनाई हुकुमात, खोटी माहिती पसरल्यास ॲडमिन व्यक्तिशः जबाबदार धरला जाईल असे नमूद केले होते. अशा खऱ्या हुकुमांच्या आगेमागे बनावट हुकुमांचे पीकच आले. ते ओळखणे अवघड नव्हते: त्यांवर जावक क्रमांक नसे, ते ज्या कचेरीतून निघाले तिचे नाव संदिग्ध असे, अंमल ‘उद्यापासून’ सुरू होणार असे परंतु तो ‘उद्या’ कोणता हे कोठेच लिहिलेले नसे, आणि शेवटी हा मजकूर सर्व ग्रुपांना पाठवा अशी विनंती असे, जी कोणतेही सरकारी दफ्तर करीत नाही. तरीही लोक घाबरत. जबाबदारी वाटली जावी म्हणून सरसकट सर्व सभासदांना ॲडमिन करून टाकण्याचा सल्ला त्या काळात फिरला, आणि काही ग्रुपांनी तो अमलातही आणला. तेव्हाच्या मीम्समध्ये ज्याला सर्वांत जास्त भीती वाटते तो सभासद नव्हे, ॲडमिन आहे.

या भीतीवर पहिला उपाय म्हणून जे हत्यार वापरले गेले ते कुलुपाचे. केवळ ॲडमिननेच लिहावे आणि इतरांनी वाचावे, अशी तजवीज २०१८ च्या जून महिन्याच्या अखेरीस उपलब्ध झाली होती. सोसायट्यांनी ती पाणीकपातीच्या व सभेच्या सूचनांसाठी स्वीकारली, पण घरोघरी तिची ओळख झाली ती ९ नोव्हेंबर २०१९ रोजी. अयोध्येच्या खटल्याचा निकाल त्या शनिवारी लागणार होता, आणि पोलिसांची आवाहने येऊन पोहोचली होती. एरवी शाळेच्या मित्रांच्या थट्टामस्करीने गजबजणारे ग्रुपही त्या दिवशी ॲडमिनांनी बंद ठेवले. कुलपाच्या, टाळ्याच्या किल्लीच्या आणि कमरेला जुडगा लावून दारात बसलेल्या पहारेकऱ्याच्या चित्रांचा एक मोठा गठ्ठा या एका तारखेभोवती गोळा झालेला आहे. त्या दिवशी ॲडमिनांनी जो संयम दाखवला तो मला मनापासून मोलाचा वाटतो, आणि त्याची थट्टा करणाऱ्या चित्रांतही त्याविषयीची कृतज्ञता दडलेली दिसते.

कायद्याचा खुलासा मात्र सावकाश आला. गोंदिया जिल्ह्यात २०१६ मध्ये एका सभासदाने ग्रुपवर एका महिलेविषयी अश्लाघ्य भाषा वापरली, आणि त्याला काढले नाही व माफी मागायला लावली नाही म्हणून ॲडमिनलाही आरोपी करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी ती कारवाई रद्द केली. ॲडमिनला सभासद घेण्याचा व काढण्याचा मर्यादित अधिकार असतो, मजकूर प्रसृत होण्यापूर्वी तो तपासण्याचा किंवा रोखण्याचा नसतो. तेव्हा समान इरादा किंवा पूर्वनियोजित कट दिसल्याखेरीज दुसऱ्याच्या लिखाणाची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर टाकता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. या निर्णयावर मीम्स झाली, पण अटकेच्या अफवेवर झाली होती त्यांच्या मानाने फारच थोडी. भीतीची बातमी जितकी दूर जाते तितकी दिलाशाची जात नाही, याची मला खंत वाटते.

आणि मग, २०२२ च्या ऑगस्टनंतर, ज्याची सभासदांना वर्षानुवर्षे धास्ती होती तो अधिकार ॲडमिनला खरोखरच मिळाला. आता कोणाचाही संदेश दाबून धरून तो सर्वांच्या फोनमधून पुसण्याची सोय त्याला झाली; मुदतही मिनिटांची न राहता दोन दिवसांच्या पुढे गेली. मात्र ही कृती गुप्त राहत नाही: संदेशाच्या जागी, तो कोणत्या ॲडमिनने पुसला हे सांगणारी फिकट ओळ कायम राहते, आणि ज्याने तो आधीच वाचला किंवा त्याचा स्क्रीनशॉट घेतला त्याच्यापुरता तो पुसलाच जात नाही. परिणाम असा की पुसलेल्या संदेशाविषयीचे कुतूहल मूळ संदेशापेक्षा वाढते, आणि ‘काय होतं त्यात?’ हा प्रश्न ॲडमिनलाच खासगीत विचारला जातो. याच सुमारास ग्रुप गुपचूप सोडण्याचीही मुभा आली, ज्यात बाहेर पडल्याची इत्तला केवळ ॲडमिनला मिळते. त्यानंतरच्या चित्रांत तो एकीकडे पुसणारा कठोर अंमलदार आहे, तर दुसरीकडे कोण कधी निघून गेले हे एकट्याने जाणणारा आणि कोणाला न सांगणारा माणूस आहे. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ मधल्या भिडे मास्तरांसारखा सोसायटीचा सेक्रेटरी आणि ग्रुपचा ॲडमिन हे या काळात पुष्कळदा एकच पात्र होतात, आणि ते योग्यही आहे, कारण प्रत्यक्षात अनेक सोसायट्यांमध्ये ती एकच व्यक्ती असते.

ज्यांच्या फोनमध्ये २०१८ पूर्वीची अशी चित्रे अजून शिल्लक असतील त्यांना एवढेच विनवणे आहे की, जागा मोकळी करताना ती सरसकट पुसू नयेत; निदान आपल्या कुटुंबाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपमधली पाचदहा वेगळी काढून, ती कोणत्या महिन्यात व कोणत्या ग्रुपवर आली हे त्यांच्याजवळ लिहून ठेवावे.